एका ओळीत बसवलेली भिंत

सभा चालवण्यात माझा हात धरणारा कोपरीपासून कल्याणपर्यंत कुणी नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. चहा निवायच्या आत एकमत काढून देतो. एकदा मांजर आणि बोंबील यांच्यातही काढलेलं. बोंबलाची हरकत शेवटपर्यंत नोंदवली गेली नाही, ते सोडा.

त्या वर्षी पैसा एकाच कामाला होता: ठाकुर्लीकडचा पादचारी पूल, नाहीतर डोंगरउतारावरच्या चाळीमागची दगडी भिंत. चाळीत चौदा बिऱ्हाडं. ठरवणारे सात इंजिनियर, आणि मी सल्लागार.

भिंतीच्या धोक्यावर डेल्फी पद्धत लावली. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण द्यायचे, कारण लिहायचं, पाकीट माझ्याकडे. मी मधला आकडा सगळ्यांना, आणि टोकाच्या मतांची कारणं, नावं काढून, लिहिणारा सोडून बाकीच्यांना पाठवायची. मग दुसरी फेरी, मग तिसरी. साहेबाचा घसा मोठा म्हणून त्याचंच खरं, असं होऊ नये यासाठी हा खटाटोप.

सहा जणांनी तीन-चार गुण दिले. कोलशेतच्या एका ताईंनी नऊ. त्यांनी पानभर लिहिलेलं, थेट आगरी बोलीत: भिंतीची पाणी निघायची भोकं कुणीतरी सिमेंटने बुजवलीत, पावसात मागे पाणी तुंबणार, भिंत पोटातून फुगलीय.

ती बोली ऑफिसात एकट्या त्यांची. तसंच पाठवलं तर नाव फुटणार. मी मोठा नियमाचा माणूस. पान बाजूला ठेवलं आणि टाइप केलं: 'रचनेबाबत शंका.'

दुसऱ्या फेरीत कुणीच हललं नाही. तिसऱ्या, शेवटच्या फेरीत ताई नऊवरून पाचवर आल्या. बाकीचे जिथल्या तिथे. मधला आकडा चार.

मग निकष: सुरक्षिततेला, म्हणजे भिंतीसाठी याच चारला, निम्मं वजन, वापरणाऱ्यांना तीस टक्के, खर्चाला वीस. पूल सहा पूर्णांक नऊ, भिंत पाच पूर्णांक एक. टाळ्या मीच सुरू केल्या.

जुलैत भिंत चाळीवर आली. तीन माणसं गेली. इतर कुठलाही आकडा मी फुगवून सांगतो, हा नाही.

आठवड्याने ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, माझं पान सगळ्यांनी वाचलेलं ना?"

"ताई, तुम्ही पाच का केलेत?"

"म्हटलं, सहा जणांनी भोकांचं वाचलं, तरी चारच देतायत. त्यांना काहीतरी जास्त माहीत असेल."

ड्रॉवरमध्ये ते पान होतं. चारच्या जागी ताईंचे नऊ धरून मी आदल्या दिवशीच हिशेब केलेला: भिंत सात पूर्णांक सहा. पूल हरत होता.

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.