भांडणाच्या लेखाचं तात्पर्य

दौंडच्या आमच्या वाचनालयातून दर दिवाळीला एक छोटा अंक निघतो. सभासदांनीच लिहायचं, सभासदांनीच वाचायचं. अंकाचं काम पाहणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या. मी तिथं रोज पेपर वाचायला जातो. यंदा बाईंनी माझ्यामागं लकडा लावला, "आबा, तुम्ही बोलता ते लिहून द्या." मी दिलं लिहून. आणि बाईंनी ते परत केलं. सगळा लेख तसाच ठेवला होता, फक्त शेवटच्या परिच्छेदावर पेन्सिलीनं आडवी रेघ.

"एवढं काढा आबा, बाकी छान आहे."

मला राग आला. लेख काढा म्हणल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण मुंडकं काढा आणि धड राहू द्या, हा कुठला न्याय?

लेख माझ्या शेजाऱ्यावर होता. मी रेल्वेत रुळांची दुरुस्ती करणारा गँगमन, तो यार्डात गाड्यांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. कॉलनीत आमची क्वार्टरं एकाला एक चिकटून. त्याच्या मोरीचं पाणी माझ्या दारासमोरून जायचं, त्यावरून पहिलं भांडण झालं. मग ते उभी हयात चाललं. त्यानं मला काय म्हटलं, मी त्याला काय म्हटलं, सगळं लिहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं:

"तात्पर्य : शेजारी हा पहिला नातलग असतो. भांडणाने कोणाचेही भले होत नाही. तरी तरुण पिढीने एकोप्याने राहावे."

ही माझी शाळेतली सवय. मांडवगण फराट्याला चौथीपर्यंत शिकलो. आमचे गुरुजी गोष्ट सांगायला उभं करायचे, आणि शेवटी तात्पर्य नाही आलं तर गोष्ट झालीच नाही असं धरायचे. छडी बसायची. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, की गोष्टीला तात्पर्य हवं, जसं गाडीला गार्डाचा डबा.

बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग मला सांगा, उद्या पुन्हा कुणी तुमच्या दारात मोरीचं पाणी सोडलं, तर एकोप्यानं राहाल?"

"सोडून तर बघावं म्हना!"

"मग हे तात्पर्य कुणाचं? तुमचं तर नाही."

"छापायला बरं दिसतं."

"दिसतं बरं. पण लेखातलं काहीच त्याच्यात उतरत नाही. आणि जे उतरायला पाहिजे, ते तुम्ही एका ओळीत उरकलंत." त्यांनी पान उलटून बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "रिटायर झाल्यावर मी गावाबाहेर प्लॉट घेतला. पुढे त्यानेही शेजारचाच घेतला. तिथेही भांडण चालू राहिले."

"इतकी वर्षं भांडलेला माणूस मोकळा झाला, आणि शेजारचाच प्लॉट घेतो? का?"

"मला काय म्हाईत? त्यालाच इचारा."

"तेच तर. तुम्हांला ठाऊक नाही, आणि तरी तात्पर्य तयार आहे." मग म्हणाल्या, "सोमवारी अंक छापायला जाणार. तोवर बघा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! माझ्या वयाच्या माणसाला असं म्हणतात? घरी येताना मी ठरवलं, हा लेख यंदाच छापायचा. नाही तर लोक म्हणणार, आबानं भांडणं केली पण लिहिता आलं नाही.

तिथून माझं बूड एका जागी टिकेना. जेवताना उठायचो, लिहायचो, खोडायचो. आधी तात्पर्य नुसतं कापून पाहिलं. कारभारणीला वाचून दाखवलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"मग? फुडं?"

"फुडं काय न्हाई. संपलं."

"ह्ये काय संपणं हाय? पानी गेल्यावानी बंद पडलं."

मग रडका शेवट लिहिला, 'आज तो नाही, पण त्याच्या आठवणी सदैव सोबत राहतील.' बाईंनी वाचला. म्हणाल्या, "आबा, ही ओळ या अंकात आधीच तिघांनी लिहिलीय. ज्याच्या त्याच्या माणसाला लागू पडते, म्हणजे कुणाचीच नाही."

मग मी लई डोकं चालवलं. लिहिलं, 'भांडण हेच खरे प्रेम असते.' मला वाटलं, आता बाई गप्प होतील. त्या हसल्या.

"हे ते जुनंच तात्पर्य. नुसतं नवं पातळ नेसून आलंय. प्रेम होतं हे तुम्हांला कुठं दिसलं ते दाखवा, नुसतं नाव देऊ नका."

"तुमाला काय पायजे तेच कळंना मला!"

"मलाही ठाऊक नाही. तो प्लॉट खटकतोय एवढं खरं."

रविवारी सकाळी मी अंगणात येरझारा घालत होतो. पलीकडं त्याच्या बायकोनं मेथी निवडायला काढली होती. मी त्यांना वहिनी म्हणतो. आमची भांडणं चालू असतानासुद्धा वहिनी आणि आमची कारभारीण एकाच बाजेवर पापड वाळवायच्या. मनात आलं, छापून आलं की कुणीतरी यांना वाचून दाखवणारच. त्यापेक्षा आपणच दाखवावं. माझ्या अंगात वाघाचं काळीज, पण कुंपणाचं दार उघडताना कडी हाताला सापडेना.

"या की भावजी. उभं का?"

बसलो. वाचायला लागलो. वहिनी हसायला लागल्या. मोरीचं पाणी आलं तिथं हसल्या, त्यानं माझ्या सायकलीला हिरवा दिवा मिळूनही न हलणारी मालगाडी म्हटलं तिथं तर पदर तोंडाला लावला. मी पण रंगात आलो. मग तात्पर्य आलं. ते मी पहिलंच ठेवलं होतं, हट्टानं. वहिनींचा हात मेथीत थांबला.

"ह्ये कुणाबद्दल हाय?"

"आपल्याच. आमच्या दोघांच्या."

"भांडणानं भलं होत न्हाई?"

"तसं म्हंत्यात."

"म्हंजी आमचे हे जन्मभर वाईटच करीत बसले का? दुसरं काय होतं त्यांना? पत्ते न्हाईत, तंबाखू न्हाई, देव-देव न्हाई. तेवढंच तर होतं."

मग विचारलंच, "वहिनी, प्लॉट शेजारचा का घेतला त्यानं?"

"मला इचारताय? मी म्हनले होते, तो रस्त्याकडचा घ्या, कोपऱ्याचा हाय, पुढं दुकान काढता येईल. तर म्हनले, तिथं वळखीचं कोण हाय?" वहिनींनी एक जुडी सोडली. "आन् भावजी, एक सांगू का? घरात ते बनियनवर असायचे. पाव्हणा आला तरी बनियन. तुमच्याशी भांडाय निघाले की मात्र सदरा घालायचे. बटनं लावायचे समदी. मी म्हनायची, लगनाला निघालाय का?"

मी त्याला कधी बनियनवर पाहिलाच नव्हता. उभ्या जन्मात नाही. आणि मला वाटायचं, हा साहेबी मिजास दाखवतोय.

"शेवटी शेवटी उठता येत न्हवतं," वहिनी सांगत होत्या. "तुम्ही त्या भाजीवाल्यावर वरडत होता दारात. ह्यांनी कान दिला. म्हनले, कुनावर वरडतोय त्यो? मी म्हनले, भाजीवाल्यावर. तर तोंड फिरवून घेतलं. म्हनले, दुसऱ्यावर वरडतोय व्हय."

"एवढंच म्हनला?"

वहिनी जरा अडखळल्या. "न्हाई. आनखी म्हनले. तुम्ही राग धरू नका."

"सांगा तर."

"म्हनले, आवाज बसलाय त्याचा. पहिल्यागत ऱ्हायला न्हाई."

मी उठलो. "आवाज बसलाय? माझा?"

"आता मला काय इचारताय!"

घरी आलो तर घरात राहवेना. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. त्याला द्यायचं उत्तर जिभेवर आलं होतं. असं खणखणीत, की तो सदऱ्याची बटनं लावायची विसरला असता. पण द्यायचं कुणाला? कागद पुढं होता. तिथं लिहिलं असतं तर बसलं असतं कायमचं. तो काही उठून खोडायला येणार नव्हता.

आणि चालता चालताच मी थांबलो. लेखातली सगळी पानं काढून बघितली. पहिल्या भांडणात मी जिंकलेलो. दुसऱ्यात मी. सायकलीवरनं त्यानं एवढा मोठा टोमणा मारला, त्यालाही खाली माझंच उत्तर. आणि एवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून सगळ्यात शेवटी तात्पर्य, म्हणजे आणखी एक उत्तर, आणि तेसुद्धा शहाणपणाचं. तो जिता होता तवा शेवटचा शब्द आम्ही दोघांनीही एकमेकाला कधी घेऊ दिला नाही. तो दार लावायचा, मी दारावर बोलायचो. मी दार लावायचो, तो खिडकीतून बोलायचा. रात्र झाली म्हणून थांबायचं, संपलं म्हणून नाही. आता त्याचं दार कायमचं लागलंय, आणि मी मात्र तात्पर्य सांगतोय. ही काय मर्दुमकी झाली?

मी पेनानं तात्पर्य खोडलं. कारभारीण बघत होती. "बाईंचं ऐकलंत म्हना शेवटी."

"बाईंचं न्हाई. तू गप ऱ्हा."

प्लॉटची ती एक ओळ काढून तिथं वहिनींनी सांगितलं ते सगळं घातलं. कोपऱ्याचा प्लॉट, सदरा, भाजीवाला. आणि शेवट केला त्याच्याच बोलण्यावर. आवाज बसलाय त्याचा, पहिल्यागत राहिला नाही. पूर्णविराम दिला. हात तिथंच कागदावर राहिला, उचलेना. खाली बरीच जागा कोरी होती.

सोमवारी बाईंनी उभ्या उभ्याच वाचलं. वाचून झालं तरी शेवटच्या पानावरची नजर काढली नाही त्यांनी.

"शेवट त्यांच्या हातात दिलात."

"दिला न्हाई. त्यानं घेतला."

"पुढं काही जोडायचंय? अजून गेलेलं नाही छापायला."

"जोडायचं तर लई हाय," मी म्हणालो.

"मग?"

वाचनालयातली दोन-चार डोकी पेपरातून वर आली होती, म्हणजे माझा आवाज चांगला मोठा लागला असणार. बसलाबिसला काही नाही. मी बाईंकडं पेन मागितलं, हातात घेतलं, आणि परत दिलं.

"जाऊ द्या तसाच," मी म्हणालो, आणि बाईंनी पानं पाकिटात घातली तरी दारापर्यंत जाऊन दोनदा मागं आलो.