पाचवीत एकटीच

मी यादीशिवाय राहू शकत नाही. कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या या शाळेवर आले, तेव्हा खोलीच्या भिंतीवर पहिली यादी लागली: पाणी, सरपण, वह्या. सोबतचे गुरुजी देसाईगंजहून ये-जा करतात. चार वाजले की त्यांची गाडी निघून जाते आणि मग बोलायला कोणी उरत नाही.

गेल्या वर्षी पाचवीचा पट एक होता. ती एकटी मुलगी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. तिला सगळं येत होतं, फक्त दोन पायऱ्यांची उदाहरणं चुकायची. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात बसायचो. तिच्यासाठी मी तक्ता करून तिथल्या भिंतीवर लावला: दोनदा वाचा. काय दिलंय? काय विचारलंय? आधी काय काढायचं, मग काय? शेवटी उलट करून तपासा.

एकदा मी उदाहरण दिलं. एका घरी रोज बारा किलो मोहफुलं, अशी पाच दिवस वेचली. त्यातली अठरा किलो आत्याला दिली. किती उरली?

तिनं उत्तर लिहिलं दोन.

उत्तर बेचाळीस हवं होतं. बारा गुणिले पाच साठ, वजा अठरा. तपासलंस का, विचारलं. तिनं वही पुढे केली. दोन अधिक अठरा वीस, वीस त्रिक साठ, साठ भागिले पाच बारा. ताळा चोख जुळत होता.

"हा तीन कुठून आला?"

"वाळवल्याबिगर कोणी मोहा देते का बाई? वाळून तिसरा हिस्सा राह्यते. तुमाले मालूम नाई?"

मला माहीत नव्हतं. ती हसली, मीही हसले. मग तिला म्हटलं, तुझ्या उत्तरातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेव आणि तो उदाहरणात शोध. बारा सापडला, पाच सापडला, अठरा सापडला. साठ पहिल्या पायरीतून आला. तीनसाठी तिचं बोट ओळीवरून दोनदा फिरलं.

"नाई बाई. तो माह्या घरचा आहे."

"मग परीक्षेत तो घरीच ठेवायचा."

तक्त्यावर एक ओळ वाढली: प्रत्येक आकडा कुठून आला? आठवड्याचे सात, डझनाचे बारा तेवढे चालतील, असं खाली लहान अक्षरात लिहिलं. त्यानंतर तिची उदाहरणं बरोबर येऊ लागली. बरोबर आलेल्या प्रत्येक उदाहरणावर मी खूण करत होते. खुणा वाढल्या तसं तिचं जाणं पक्कं होत गेलं आणि मी व्हरांड्यातून उशिरा उठू लागले.

तिची निवड झाली. जूनमध्ये तिची आई तिला सोडायला गेली. जाण्याआधी ती पोर वाळलेल्या मोहाची पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

यंदा पाचवीत कोणी नाही. चार वाजता गाडी जाते, मी व्हरांडा झाडते. 'भिंतीवरचा तक्ता काढून ठेवणे' हे काम तीन आठवडे माझ्या यादीत आहे. रोज नवी यादी करते आणि ते काम तसंच पुन्हा खाली लिहिते.