गुरुवारचा संगीताचा तास

मंडळी, आज दुपारी लाखनीत जे ऐकलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आजारी आहेत, म्हणून भेटायला गेले होते. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांनी गुरुवारचा संगीताचा तास काढून गणिताला दिला होता. मी गानपथकात होते, म्हणून मीच त्यांना पत्र लिहिलं: "सर, याच तासाला आम्ही पेटीवर सूर धरून प्रार्थना बसवायचो. आता रोज कोणी उंच लावतं, कोणी खाली, आणि मुलं अर्ध्यातच सोडतात. जादा गणित शनिवारी घ्या, पण आमचा तास परत द्या."

शेवटी भीत भीत लिहिलं, "त्या तासाला गणित चालू असतानाही वर्ग आपोआप गुणगुणतो. कोण सुरू करतं, कळत नाही."

पुढच्या गुरुवारी सर छडी घेऊन वर्गात आले. "कोण गुणगुणून राहिलं रे?"

आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, तरी सूर चालूच. तो सरांच्याच बंद ओठांतून येत होता. आमचे चेहरे पाहून त्यांना ते कळलं. छडी टेबलावरच ठेवून ते निघून गेले, आणि तास परत मिळाला.

आज त्यांनी मला ओळखलं नाही. पण बंद ओठांतून तोच सूर येत होता.

त्यांची मुलगी म्हणाली, "दर गुरुवारी याच वेळेले असं करतेत बाबा." मग एकदम माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तुम्ही कायले गुणगुणून राहिल्या?"

हे वाचताना तुमचेही ओठ बंदच असतील. जरा कान देऊन ऐका बरं.