साखळीवर दोनदा लागलेला टॅक्स

बायकोने सांबार आणि वांगी विकून, स्वतःच्या खात्यात पैसे साठवून, गळ्यातली सोन्याची साखळी घ्यायची ठरवली. सांबार म्हणजे कोथिंबीर. शेलूबाजारजवळच्या आमच्या मळ्यात भाजीपाल्याचा सगळा व्यवहार तिचा. मी बी.कॉम. झालेलो, म्हणून घरात हिशोब तेवढा माझ्याकडे.

सकाळी आम्ही शेलूबाजारच्या सराफाकडे गेलो. साखळी दहा ग्रामची, सोनं बावीस कॅरेट, त्या दिवशीचा भाव ग्रामला नऊ हजार. म्हणजे सोन्याचे नव्वद हजार. त्यावर पाच टक्के घट, साडेचार हजार. मजुरी ग्रामला चारशे, म्हणजे चार हजार.

"घट म्हंजे काय?" बायकोने विचारलं.

"घडवताना सोनं वाया जाते ना वहिनी, ते."

"पाच टक्के म्हंजे अर्धा ग्राम. ते मले भेटते काय?"

"नाई."

"आपुन सांबार विकतो तं देठाचे वेगळे पैसे घेतो का?"

सराफ हसला. त्याने चिठ्ठीवर एकच आकडा लिहून दिला, १,०१,४५५. मी ती बी.कॉम.च्या ऐटीत खिशात घातली.

गिऱ्हाइकाने सांगितलेल्या पहिल्याच भावाला माल द्यायचा नाही, हा बायकोचा बाजारातला नियम. तोच नियम तिने विकत घेतानाही लावला. तिच्या भावाच्या ओळखीचा वाशीमला एक सराफ होता. त्याला फोन केला. त्याचाही भाव नऊ हजारच. "घट बिलकुल नाई, फक्त मजुरी बारा टक्के. टॅक्स धरून एक लाख तीन हजार आठशे चोवीस," तो म्हणाला.

"हा तं महाग झाला," बायको म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. "यानं टॅक्स धरला. इथल्या चिठ्ठीत कुठी लिवलाय टॅक्स?" मोबाइलवर शेलूबाजारच्या आकड्याला तीन टक्के लावले. एक लाख चार हजार चारशे नव्याण्णव! "पाह्य. वाशीमले पावणेसातशे वाचतात."

वाशीमच्या एसटीत बसलो. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण. "पावणेसातशातून तुमचं तिकीट वजा करा," एवढंच ती म्हणाली.

दुकानात शिरल्यावर तिने सराफाला सांगितलं, "मले सुटं सुटं करून सांगा."

त्याने कागदावर मांडलं. नव्वद हजार सोन्याचे, दहा हजार आठशे मजुरीचे, मिळून एक लाख आठशे. त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी, तीन हजार चोवीस. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं, मग माझ्या खिशातली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि तिथला भाव, घट, मजुरी तोंडपाठ सांगितली. "आता याच्यात टॅक्स हाये का नाई, सांगा."

दुसऱ्या सराफाची चिठ्ठी पाहून त्याचा चेहराच पडला. खोटं बोलावं की गिऱ्हाईक सोडावं, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं असावं. शेवटी त्याने कॅल्क्युलेटर ओढला.

"नव्वद, साडेचार आन् चार. साडेअठ्ठ्याण्णव हजार. तीन टक्के दोन हजार नऊशे पंचावन्न." तो थांबला. "एक लाख एक हजार चारशे पंचावन्न. टॅक्स हाये वहिनी याच्यात. भाऊनं दोनदा लावला."

भाऊ म्हणजे मी. मी भिंतीवरच्या बांगड्यांचे फोटो फार लक्षपूर्वक पाहू लागलो.

"म्हंजे तुमीच महाग," बायको सराफाला म्हणाली. "दोन हजार तीनशे एकोणसत्तर रुपयानं." हे तिने तोंडी केलं. कॅल्क्युलेटर त्याच्या हातातच राहिला.

"बसा ना वहिनी. मजुरी साडेनऊ टक्के करतो."

तिने माझ्याकडे न पाहता त्यालाच बेरीज करायला लावली. एक लाख एक हजार पाचशे सहा.

"तरीबी एक्कावन रुपये जास्त."

"एक्कावन रुपयासाठी तुमी परत शेलूबाजारले जासान?"

"तिकडंच तं घर हाये आमचं."

दुकानातला नोकर फिस्सकन हसला. सराफाने कपाळावर हात मारला आणि नऊ टक्के केले. मजुरी आठ हजार शंभर, जीएसटी दोन हजार नऊशे त्रेचाळीस, एकूण १,०१,०४३. चिठ्ठीपेक्षा चारशे बारा रुपये कमी. तिने साखळी काट्यावर ठेवायला लावली, दहा ग्राम पाहिलं, हॉलमार्क पाहिला, पक्कं बिल घेतलं आणि मगच पैसे दिले.

परतीच्या एसटीत ती साखळीवर पदर ओढून खिडकीला टेकून झोपली. मी बिल काढून मोबाइलवर तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा बरोबर आली, आणि मला उगीचच फार बरं वाटलं.