कानाच्या यंत्राच्या प्रस्तावातला तिसरा परिच्छेद

आमच्या विभागात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. समोर म्हटलं असतं तरी त्या हसल्याच असत्या. विषयच तसा: म्हातारी माणसं कानाचं यंत्र घेतात आणि चार महिन्यांत कपाटात का टाकतात? हा विषय त्यांना सासऱ्यांनी दिला, असं मी सगळीकडे पसरवलं होतं. सासरेबुवा यंत्र लावत ते फक्त जावई आला की. सुनेसाठी कशाला बॅटरी जाळायची?

बाईंची नोकरी कंत्राटी. संशोधनाचं अनुदान मिळालं तर तीन वर्षं पुढे, नाहीतर सत्र संपताच घरी.

अनुदानाच्या प्रस्तावात ‘अभ्यासाचं महत्त्व’ लिहायचं होतं. पहिल्या खर्ड्यात बाईंनी ज्ञान, उपयोग, धोरण, सगळ्याची खिचडी केली. मग स्वतःच वैतागल्या आणि तीन परिच्छेद वेगळे केले. ज्ञानाच्या दृष्टीने: आजवर किंमत आणि यंत्राचा दर्जा तपासला गेला, घरातल्या बोलाचालीकडे कुणी पाहिलं नाही. उपयोगाच्या दृष्टीने: यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांना घरच्या माणसालाही सोबत शिकवता येईल. तिसरा, धोरणाचा, सगळ्यात छोटा: सरकारी योजनेत यंत्र मिळतं, तज्ज्ञाच्या पुढच्या भेटी मिळत नाहीत, त्या द्याव्यात का, हे ठरवण्याआधीच्या चाचणीसाठी या अभ्यासातून मुद्दे मिळतील. बस. एका रुग्णालयातल्या चाळीस मुलाखतींवर याहून मोठा दावा टिकणार नाही, असं त्या मला समजावत होत्या.

आता आमच्याकडची रीत. कुणीही लिहो, शेवटचा हात साहेबांचा, आणि प्रस्ताव जातो त्यांच्याच ऑनलाइन खात्यातून. साहेब म्हणजे विभागप्रमुख. स्वतः संशोधन सोडून जमाना झाला, पण हाताची खाज गेली नव्हती.

साहेबांना तिसरा परिच्छेद फारच बारका वाटला. त्यांनी दुसऱ्या परिच्छेदातली उपयोगाची वाक्यं उचलून तिथे ओतली आणि वर लिहिलं की या अभ्यासाने देशाचं ज्येष्ठांविषयीचं धोरण बदलेल. बाई केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

“सर, चाळीस मुलाखतींवर धोरण बदलत नाही. समिती हेच धरेल.”

“बाई, मागायचं तर तोंड भरून मागावं. तुम्ही फार भिता बुवा.”

मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, पासवर्ड साहेबांकडे. बाई पुन्हा काही बोलल्या, साहेब पुन्हा हसले, आणि बटण दाबलं गेलं.

समितीचा अभिप्राय आला. प्रश्न नवा आहे, मांडणी चांगली आहे. मात्र धोरणाविषयीचा दावा अभ्यासाच्या आवाक्याबाहेरचा, आणि तज्ज्ञांना नेमका काय उपयोग, हे कुठेच स्वतंत्र दिसत नाही. नामंजूर. मूळ खर्डा पाठवायची सोय नव्हती. फेरविचाराचा अर्जही साहेबांच्याच सहीने जातो, आणि साहेब स्वतःविरुद्ध सही कशाला करतील?

सत्राच्या शेवटच्या दिवशी बाई टेबल आवरत होत्या. साहेब मुद्दाम जागेवर आले, हे विशेष.

“पुढच्या वर्षी बाहेरून अर्ज करा,” ते मायेने म्हणाले. “फक्त दावे जरा जपून लिहा.”

बाई म्हणाल्या, “हो सर.”