नऊ मोठा की पंचाहत्तर

बियाण्याच्या प्रयोगशाळेचे निकाल गोदामाच्या प्रोग्रामला पुरवणारी फाईल माझ्याकडे होती. एका सकाळी एमआयडीसीतल्या गोदामाच्या बाईंचा फोन आला.

“साहेब, नऊ टक्के उगवणीचा लॉट पास दाखवून राह्यलाय. टेम्पो भरून उभा हाये. मला तर शाळेत पस्तिसाच्या खाली कुणी पास केलं न्हाई.”

“तुमचा प्रोग्राम चुकत असेल,” मी म्हणालो. हे खोटं होतं. फाईल समोरच उघडी होती. उगवण आणि पंचाहत्तरची किमान मर्यादा, दोन्ही आकडे मी अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून लिहिले होते. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, आणि पंचाहत्तरमधल्या सातापेक्षा नऊ मोठा.

पाच मिनिटांनी मीच फोन केला. “चूक माझी आहे. टेम्पोतला माल उतरवा.”

“मंग आधीच सांगायचं ना, साहेब.”

मी आकड्यांची अवतरणचिन्हं काढली. तपासणीची तारीखही मी ०४/०५ अशी लिहीत होतो. माझा चार मे त्यांच्याकडे पाच एप्रिल होत होता. आता आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मग मी पाठवलेला पहिला निकाल उघडला आणि तिथून एकेक तपासत आलो. कुणाच्या शेतात माझा नऊ टक्के गेला नाही, हे कळेपर्यंत थांबलो नाही.