कळसाडीची ओली भिंत

शहाद्यात आमचं नळकामाचं दुकान आहे. फोडायचं आणि जोडायचं काम नवरा करतो, ऐकायचं मी. वर्षानुवर्षं ब्रेकर मशीन हातात धरून त्याचे कान गेले. टीव्ही मोठ्या आवाजात लावावा लागतो आणि बारीक आवाज तर त्याला येतच नाहीत. गळती ऐकायचं यंत्र आम्ही घेतलं, तेव्हा हेडफोन त्याने एकदा डोक्याला लावला, थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि काढून माझ्या हातात दिला. तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे.

कळसाडीहून एका माणसाचा फोन आला. घरात ऊस, कापूस, पैसा सगळं होतं, पण आई अंथरुणाला खिळलेली होती. फुफ्फुसं निकामी होत आली होती आणि दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागत होतं. तिला लांब चालवत नाही म्हणून तिच्या खोलीला लागूनच नवीन बाथरूम बांधलं होतं. आता मधली भिंत खोलीच्या बाजूने ओली झाली होती आणि ओल इलेक्ट्रिकच्या बोर्डापर्यंत पोचली होती. बोर्डाला हात लावला की मुंग्या यायच्या. मशीन त्याच बोर्डावर चालत असे.

"मिस्त्री म्हणतो, बाथरूमची सगळी भिंत खोलावी लागेल," तो म्हणाला. "आईला तोवर तळोद्याला बहिणीकडे न्यायचं म्हणतोय. डॉक्टर सांगतात, टाइल फोडायची धूळ तिच्या छातीत गेली तर ती वाचेल असं धरून चालू नका. आणि ती हलायला तयार नाही."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. म्हातारी उशांना टेकून बसली होती, नाकात नळी, अंगावर स्वच्छ पातळ. लेकाने शहाणपणा करून मशीन बोर्डावरून काढलं होतं आणि ओसरीवरून वायर आणून चालवलं होतं. घरात सगळे तिला जिजी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. खोकला आवरून तिने आधी माझ्या नवऱ्याच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं.

"ते बाहेर ठेव, भाऊ," ती म्हणाली. "मी तळोदाले जाणार नही. मन्ही खोली शे. आठेच जगनू, आठेच मरसू."

"जिजी, इथेच मरायचं असं बोलू नका," लेक म्हणाला.

"कसं बोलू मंग? तुन्ही बहीण चांगली शे. पण तिन्हा घरमा टीव्ही बंद व्हत नही."

नवऱ्याने हातोडी खरंच बाहेर नेऊन ठेवली. मी आधी त्या बोर्डाचा पुरवठा मेनमधून बंद करायला लावला. ओल्या भिंतीला हात लावायच्या आधी हे करायचंच, मग घाई कितीही असो.

मग गळती कशातून आहे ते पाहायचं. ऐकायचं यंत्र फक्त दाबाखालच्या पाण्याचा आवाज पकडतं. सांडपाण्याच्या पाइपात दाब नसतो, तो गळत असेल तर दिवसभर भिंतीला कान लावून काही ऐकू येणार नाही. म्हणून नवऱ्याने गार पाण्याची लाइन दोन्हीकडून बंद केली, तिला टेस्टिंगचा पंप जोडला आणि दाब चढवला. काटा जागचा हलला नाही. मग पंप गरम पाण्याच्या लाइनला, गीझर वगळून त्यातून निघणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जोडला. काटा चढला आणि आमच्या डोळ्यांसमोर सावकाश उतरू लागला. म्हणजे गळती गीझरपासून नळापर्यंतच्या पाइपात होती. निम्मी भिंत तिथेच सुटली.

पुढे ओल मोजायचं मीटर. त्याचे दोन प्रकार आमच्याकडे आहेत. टोचायच्या पिनांचं मीटर प्लास्टरवर चालतं. टाइलमधून पिना जात नाहीत, त्या सांध्यातल्या सिमेंटमध्ये टोचाव्या लागतात. दुसरं नुसतं टाइलवर सपाट टेकवायचं, ते थोडं आतलं सांगतं. दोन्हींचा आकडा एकटा बिनकामाचा. आधी घरातली पक्की कोरडी भिंत मोजायची, मग तिच्याशी ताडून पाहायचं. मी खोलीच्या बाजूने खडूने चौकटी आखल्या आणि एकेक मोजत गेले. सगळ्यात जास्त आकडा बोर्डाच्या खाली, जमिनीजवळ आला. तिथे प्लास्टरवर पांढरा क्षारही फुटला होता.

"इथेच आहे," लेक म्हणाला.

"इथे पाणी येऊन थांबलंय," मी म्हटलं. "निघालंय कुठून, ते वेगळं. आणि क्षार असला की पिनांचं मीटर उगाच चढून बोलतं."

बाथरूमच्या बाजूने दुसरं मीटर टेकवत गेले. ओलीचा पट्टा खाली रुंद होता, वर निमुळता होत मिक्सर नळाच्या दिशेने गेला होता. नळाच्या आसपास चार-पाच टाइल ओल्या दाखवत होत्या. मीटरने आणलं ते इथवर. चार-पाच टाइल फोडणं म्हणजे पुन्हा तीच धूळ.

मी हेडफोन चढवला, यंत्राचा सेन्सर टाइलवर टेकवला आणि नवऱ्याला दाब चढवायला खूण केली. ऐकू आली ती घरघर. दुसऱ्या टाइलवर घरघर, तिसऱ्या टाइलवर घरघर. पंखे बंद केले, फ्रीज बंद केला, शेजारची पिठाची गिरणी थांबवली. घरघर तशीच. मी हेडफोन काढला आणि दारातून खोलीत पाहिलं. ऑक्सिजनचं मशीन भिंतीलगत जमिनीवर होतं आणि फरशीतून, भिंतीतून सगळ्या टाइलांत थरथरत होतं. आवाज कमीजास्त करायची बटणं यंत्राला आहेत, पण ती घरघर गाळली तर पाण्याचा सूंकारही तिच्याबरोबर जात होता. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप आवाज लोखंडासारखा लांब नेत नाही. जवळ गेल्याशिवाय गळती बोलत नाही, आणि ही तर बारीक होती.

मी लेकाला ओसरीवर नेऊन सांगितलं. मशीन थोडा वेळ बंद ठेवायला हवं होतं. लाइट जाते म्हणून ऑक्सिजनचा एक सिलिंडर घरात होता, पण अर्ध्याहून कमी भरलेला. शहाद्याहून नवीन यायचा होता.

"काय कुजबुज करी ऱ्हायनात?" आतून आवाज आला. "मन्हं मशीन आडवं येस ना? मालेबी ऐकू येस. कान चांगला शेतस मन्हा, छातीच वाया गयी."

मी आत गेले. तिच्याशी गोडगोड बोलण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "जिजी, मशीन थोडा वेळ बंद हवं. सिलिंडर लावू. तुम्हाला जड जाईल. नको म्हणालात तर मी चार-पाच टाइल फोडायला सांगते, मग धूळ होईल आणि तुम्हाला तळोद्याला जावं लागेल."

"किती टाइम?"

"मला ऐकू येईपर्यंत. तुम्ही हात वर केला की थांबू."

"लाव," ती म्हणाली. "पण तुन्ही बडबड बंद ठेव."

सिलिंडरलाही आवाज असतो. जमिनीवर उभा केला की त्याला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे फरशीतून येतात. म्हणून तो जाड गोधडीत गुंडाळून पलंगावरच ठेवला, लेकाने मिठीत धरला. सुनेने ऑक्सिजन मोजायचं मीटर म्हातारीच्या बोटाला लावलं आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही. मशीन बंद झालं. तो आवाज केवढा होता हे तो गेल्यावरच कळलं.

मी सेन्सर नळाखालच्या टाइलवर टेकवला. सूं, खूप लांबून. डावीकडे गेले, कमी झाला. वर गेले, वाढला. पलंगावरून श्वासाचा आवाज येत होता, एकाला एक लागून. मी मागे पाहिलं नाही. नळाच्या गरम बाजूची टाइल, तिचा वरचा कोपरा, मग खालचा. खालच्या कोपऱ्यावर सूं सगळ्यात जवळ आला, चिरका आवाज, दातांतून हवा सोडावी तसा. खात्रीसाठी मी हातानेच नवऱ्याला दाब सोडायला सांगितलं. आवाज मेला. पुन्हा चढवला, पुन्हा जिवंत झाला. मी पेन्सिलने फुली केली.

"बस. मशीन लावा."

सुनेने सांगितलेला आकडा मला आवडला नाही. मशीन सुरू झाल्यावर तो हळूहळू वर आला, तेव्हा मी खाली बसले.

बोलता येऊ लागलं तसं जिजीने विचारलं, "सापडनं का?"

"सापडलं. एक टाइल."

"डॉक्टर बी असाच कान लावस," ती म्हणाली. "पण कोठे फुटनं ते सांगस नही."

तिच्या सुनेला हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले. मला तसं करता आलं नाही. पुढची कामं होती.

बाथरूमच्या दाराला ओली चादर लावली, फटी चिकटपट्टीने बंद केल्या, हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू ठेवला. नवऱ्याने टाइलचे सांधे हाताच्या पात्याने, पाणी शिंपडत कापले आणि ती एकच टाइल काढली. पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, तडकला होता. नळ बसवताना कोणीतरी अंगातलं सगळं बळ लावून आवळला असणार. नवीन तुकडे आम्ही अंगणात जोडले, कारण पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने धडधाकट माणसाचं डोकं चढतं. शेवटचे सांधे तेवढे आत, दार बंद ठेवून. ते सुकेपर्यंत थांबलो, दाब दिला, काटा जागेवर राहिला. बोर्ड वायरमनने दुसऱ्या, कोरड्या भिंतीवर नेला.

लेकाने तळोद्याला फोन केला. "जिजी येत नाही," एवढंच म्हणाला.

गळती थांबली म्हणून भिंत वाळत नाही. प्लास्टरला आठवडेच्या आठवडे लागतात, ओलं असताना रंग दिला तर फुगून येतो. म्हणून बाजाराला त्या बाजूला गेले की मी मीटर घेऊन जात असे. आकडा दरवेळी थोडा उतरलेला असे. जिजी दरवेळी विचारी, "वाळनी का?" आणि मी म्हणे, "अजून नाही." तिला खोटं सांगायची मला कधी गरज वाटली नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही. एकदा म्हणाली, आता श्वास घेण्याचंच काम पुरतं, भिंतीकडे लक्ष तूच ठेव.

पऱ्हाटीची कापसाची बोंडं फुटायला लागली त्या सुमाराला लेकाचा फोन आला. ती पहाटे गेली होती. बहीण आदल्या दिवशीच तळोद्याहून येऊन तिच्या उशाशी बसली होती. आम्ही गेलो तेव्हा तिला अंघोळ घालत होते. बायकांनी गरम पाणी त्याच बाथरूममधून आणलं होतं, नळ नीट चालत होता. मी दारात उभी राहिले. खोलीतली भिंत बोर्डाच्या जुन्या जागेखाली अजून थोडी गडद होती, रंग द्यायला आणखी महिना तरी लागला असता. बहीण मला म्हणाली, "तिला माझ्याकडे न्यायला हवं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "तिला इथेच राहायचं होतं."

तिने मान हलवली आणि पाण्याची बादली उचलायला आत गेली. मीही तिच्या मागोमाग गेले, दुसरी बादली भरलेली होती.